थोडंफार

भाच्यानं एका पतसंस्थेसाठी चॅटबॉट बनवलाय. कर्जाबद्दल काहीही विचारा, पण आधी एक प्रश्न: या विषयातलं तुम्हाला किती कळतं? काहीच नाही, थोडंफार, की सगळं? अख्खी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात काढली म्हणून काय मी 'सगळं'वर बोट ठेवायचं? आपल्याकडे मैफल गाजवणारा गवईसुद्धा "थोडंफार गातो" म्हणतो. मी 'थोडंफार' निवडलं, आणि मला व्याज म्हणजे काय हे शेजारणीनं उसन्या नेलेल्या साखरेच्या वाटीवरून शिकवण्यात आलं. मला!

शेजारचे अण्णा बाजूलाच होते. एक स्कूटरचं कर्ज फेडलंय, या जोरावर त्यांनी 'सगळं' दाबलं. मग स्क्रीनभर सूत्रं आली. अण्णा ती चष्मा वर-खाली करत, मान डोलवत वाचत राहिले.

"कळलं का अण्णा?"

"न कळायला काय झालं? छान लिहिलंय."

मी भाच्याला म्हटलं, "अरे, तुझ्या प्रश्नानं माणसाचं ज्ञान नाही, संकोच मोजला जातो. त्यापेक्षा विषयातलंच काहीतरी विचार. 30 लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता साधारण 26,035. पहिल्या हप्त्यात व्याज जास्त की मुद्दल?"

"सारखंच!" अण्णा म्हणाले. "हप्ता सारखा, तर वाटणीपण सारखीच."

बघा, कुठून सुरुवात करायची ते एका उत्तरात कळलं. 30 लाखांवर महिन्याचं व्याज 21,250. उरलेले 4,785 मुद्दलात.

"बाकीचे कुठे गेले?"

"व्याजात, अण्णा."

"आणि हे कधीपर्यंत?"

"अर्ध्याहून जास्त हप्ता मुद्दलात जायला जवळजवळ 12 वर्षं लागतात."

अण्णांचा चेहरा असा झाला की जणू पैसे मीच खाल्लेत. त्यांच्या मुलाचं गृहकर्ज चालू आहे. त्यांनी त्याला तिथूनच फोन लावला आणि "तुला फसवलंय" असं जाहीर करून टाकलं. शिल्लक मुद्दल घटते तसं व्याज घटतं आणि हप्त्यातला मुद्दलाचा वाटा वाढतो, हे सांगायला मी तोंड उघडलं तर मलाच हाताने थांबवलं.

भाच्यानं प्रश्न बदलला खरा, पण सरसकट सगळ्यांना लावला. 'घटत्या शिल्लकीवर व्याज कसं लावता' असं विचारणाऱ्याचा वकूब त्या वाक्यातच दिसतो, त्याला कशाला परीक्षा? आणि कार्यालय किती वाजता उघडतं एवढंच हवं असलेल्यालाही आधी मुद्दल की व्याज? 'माहीत नाही' म्हणायची सोयसुद्धा ठेवलेली नाही. लोक काहीतरी ठोकून देतात. दोन पर्यायांत निम्म्यांचं बरोबरच येणार.

"'कशावरून' एवढं एक वाक्य पुढे विचार," असं मी सांगितलं होतं. त्यावर भाचा म्हणाला, "मामा, लोकांना टाइप करायचा कंटाळा असतो."

परिणाम असा, की अण्णा हल्ली सोसायटीत ज्याला त्याला सांगत फिरतात, "'व्याज' दाबा. वरच्या वर्गात बसवतात."