अडकल्यासारखं वाटतंय यार

रात्री फोन वाजतो आणि स्क्रीनवर एवढंच, ‘अडकल्यासारखं वाटतंय यार’. बस्स. पुढे नाही, मागे नाही. आणि माझे अंगठे लगेच शिवशिवायला लागतात, बायोडेटा बदल, एखादा कोर्स कर, सकाळी लवकर ऊठ (मी स्वतः कधी उठत नाही तो भाग वेगळा). समुपदेशनात याला चक्क नाव आहे, दुसऱ्याचं बिघडलेलं ताबडतोब दुरुस्त करायची खोड. मिलर आणि रोलनिक नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती नीट मांडलीये, आणि त्यांचं म्हणणं असं की तुम्ही बदलाच्या बाजूने जितकं जोरात बोलाल तितका समोरचा न बदलण्याची कारणं जास्त शोधतो.

आता समोरच्याला सल्ला हवाय की नुसतं ऐकून घेणारं कुणीतरी, हे ओळखायचं कसं? मी आधी मेसेजमध्ये प्रश्नचिन्ह आहे का बघतो. ‘दोन ऑफर आहेत, शुक्रवारपर्यंत कळवायचंय, काय करू?’ असं असेल तर ऐकून घेत बसणं म्हणजे छळ, तिथे सरळ मत द्यावं. पण मैत्रिणीच्या त्या मेसेजमध्ये ना प्रश्न, ना तारीख, ना कुणाचं नाव. म्हणून मी फक्त विचारलं, ‘ऑफिसचं की घरचं?’

‘सगळंच. सुट्टी मागितली तर बॉस म्हणे आत्ता नको.’

इथे तोंडावर आलेलं ‘मग मेल टाक ना त्याला’ गिळायला जी ताकद लागते ती जिममध्ये मिळत नाही. मी तिचंच तिला परत दिलं, ‘म्हणजे दमलीयेस, आणि वर कुणी श्वासही घेऊ देत नाहीये.’ मग ‘टायपिंग’ दिसतंय, गायब होतंय, परत दिसतंय, आणि शेवटी जो परिच्छेद आला त्यात बॉस, बहीण, गुडघा, सगळे होते. सल्ला दिला असता तर गुडघ्यापर्यंत आम्ही पोचलोच नसतो.

(एक अपवाद मात्र आहे. ‘मी नसलेलंच बरं’ अशा वळणाचं काही आलं तर ही सगळी हुशारी बाजूला ठेवायची, सरळ फोन लावायचा, जीव द्यायचा विचार येतोय का हे स्पष्ट विचारायचं आणि मदत मिळेपर्यंत सोबत राहायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही.)

बऱ्याच वेळाने तिनेच लिहिलं, ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ अहाहा! माझ्याकडे तोवर सात उपाय पॉलिश करून तयार होते. तरी मी एकच काढला, ‘किती दिवस आणि कुठल्या तारखा ते लिहून माग, नाही म्हणायचं तर त्यालाही लिहून म्हणू दे.’

‘हो, पण तुला माहीत नाही तो कसा आहे...’

एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाने ‘तू असं का नाही करत’ आणि ‘हो, पण’ हा माणसांमधला खेळच असल्याचं लिहून ठेवलंय, आणि त्यात उपाय देणारा सहसा हरतो. मी दुसरा उपाय अर्धा टाइप झाला होता तो खोडला आणि लिहिलं, ‘कसा आहे?’

टायपिंग... टायपिंग... टायपिंग...