आकडे घातलेली अरबी आणि आपला रोमनचा वाद

“मामा, अरबी पोस्टचं इंग्रजी करताना हॅशटॅग, इमोजी आणि ती आकडे घुसडलेली रोमन अक्षरं गाळली तर बिघडतं काय? मजकूर तर कळतोच ना?”

भाषांतर शिकणाऱ्या भाचीने घरच्या ग्रुपवर हे विचारलं. त्यावर काकांचं उत्तर आलं, की त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरही ते अंगठे आणि गुलाब बंदच झाले पाहिजेत. मग गाडी नेहमीच्या रुळावर आली: रोमन लिपीत मराठी लिहिणं म्हणजे निव्वळ आळस. दुबईत अरबी पोस्टचं इंग्रजी करून माझं पोट चालतं, त्यामुळे हे वाक्य मला पटकन गिळवत नाही.

जुन्या मोबाइलवर अरबी कळफलक सहसा नसे. शिवाय एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं 160 मावत आणि अरबी फक्त 70. (देवनागरीचा हिशोबही हाच होता, काका.) रोमनमध्ये नसलेल्या उच्चारांसाठी लोकांनी आकडे घेतले: ع उलटा धरला की 3 दिसतो, ح साठी 7. कळफलक आले, पण सवय राहिली. आता ती सवयच लिहिणाऱ्याचा पत्ता सांगते.

‘माझं हृदय’ या अर्थाचा قلبي हा शब्द घ्या, त्याचं पहिलं अक्षर ق. बैरूत-कैरोकडचा माणूस तो `2albi` लिहितो, मोरोक्कोचा `9albi`, आखातातला बहुधा `galbi`. आमच्या कचेरीतला कैरोचा सहकारी नव्यांना सांगतो, “2 म्हणजे हमजा, एवढं पाठ करा.” हमजा म्हणजे घशात क्षणभर अडलेला उच्चार. पण ते अर्धंच खरं. त्याच्याच गावी ق चा उच्चार हमजासारखा होतो, म्हणून 2 दिसला की मूळ अक्षर ق आहे का, हे शब्दावरून ठरवावं लागतं. आणि मोरोक्कोचा 9 हा ق असला, तरी आखातात तोच 9 बहुतेकदा ص असतो. आधी माणूस कुठला ते ओळखायचं, मग शब्दकोश उघडायचा.

आता नमुन्यादाखल मी रचलेली एक पोस्ट. काळ ऑक्टोबर 2019, लेबनॉन. व्हॉट्सअॅप कॉलवर कर लावायचा प्रस्ताव आला आणि लोक रस्त्यावर उतरले.

```
نازلين عالساحة 👈 #كلن_يعني_كلن
yalla ya 2albi ✊🇱🇧
```

हॅशटॅगमधली घोषणा बोलीतली आहे. प्रमाण अरबीत كلهم झालं असतं. ‘सगळे म्हणजे सगळेच’, म्हणजे एकही नेता वगळायचा नाही. ती गाळली तर उरतं ‘आम्ही चौकात उतरतोय’. कशासाठी, तेच गेलं. नुसतं इंग्रजी करून पुढे # ठोकला, तर तसा हॅशटॅग लोकांनी वापरला होता असा वाचणाऱ्याचा समज होतो आणि शोध घेतल्यावर भलतंच काही सापडतं. म्हणून मी मूळ हॅशटॅग तसाच ठेवतो आणि अर्थ शेजारी, पहिल्यांदा येईल तेव्हाच. वाक्याच्या व्याकरणात गुंफलेला हॅशटॅग मात्र वाक्याबरोबर भाषांतरित करावा लागतो, कारण तिथे तो नाम किंवा क्रियापद म्हणून राबत असतो. मराठीत #पुणे आणि #पुण्यात हे दोन वेगळे हॅशटॅग होतात, तशी अडचण इथे उपसर्गांची: ‘मध्ये’ अर्थाचा ب शब्दाला पुढून चिकटतो, तो # च्या बाहेर एकटा राहतो आणि घाईत नजरेतून सुटतो.

बोटाचं चिन्ह पाहिलंत? अरबी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून 👈 ‘पुढे वाचा’ म्हणतं. इंग्रजीत ते तसंच ठेवलं की बोट मागे वळतं. ते उलटवायचं:

```
We're heading down to the square 👉
#كلن_يعني_كلن "all of them means all of them"
Come on, love ✊🇱🇧
```

मूठ आणि झेंडा जसेच्या तसे. फक्त विंडोजवर तो झेंडा बऱ्याचदा LB अशा दोन अक्षरांत दिसतो. त्याला संक्षेप समजून कुणी भाषांतर करू नये. मिश्र ओळीत # आणि विरामचिन्हं पडद्यावर जागा बदलतात, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नये. बाणाच्या कळीने एकेक अक्षर पुढे सरकलं की बऱ्याचदा खरा क्रम कळतो.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे अजून मिटलेली नाही. दुसऱ्या ओळीत लिहिणाऱ्याने लिपी बदलली. घोषणा सगळ्यांसाठी अरबीत, लाडाचं बोलणं रोमनमध्ये. इंग्रजीत दोन्ही एकाच लिपीत येतात आणि ती सांध पुसली जाते. बैरूतची आमची ज्येष्ठ सहकारी, जिच्याकडे सगळे अडले की जातात, ती ‘मूळ रोमन लिपीत’ अशी टीप लिहायला लावते. कैरोवाला म्हणतो, तिरका टाइप पुरे, टिपा कोण वाचतं? पोस्ट पुरावा म्हणून जाणार असेल तर मी तिच्या बाजूचा, बातमीत जाणार असेल तर त्याच्या. काकांनी भाचीला अजून देवनागरीत उत्तर दिलेलं नाही. “Barobar ahe tuza” एवढंच आलंय.