फॉरवर्डमधला जालीम फवारा आणि आत्याच्या मिरच्या

«झाडांवरची सगळी कीड एका फवाऱ्यात गायब! एक लिटर पाण्यात चार चमचे भांड्यांचं लिक्विड, अर्धा कप व्हिनेगर, दोन चमचे खायचा सोडा, दहा लसूण पाकळ्या आणि चमचाभर तिखट घाला. रोज फवारा. आणखी जोर हवा असेल तर मूठभर तंबाखू रात्रभर भिजवून ते पाणी मिसळा. १०० टक्के सेंद्रिय, त्यामुळे फवारल्यावर भाजी लगेच तोडून खाल्ली तरी चालते. पुढे पाठवा.»

पाच-सहा वेळा आला हा मजकूर मला, आणि दर वेळी मी तो पुसून टाकला. चूकच केली. गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. मिरचीच्या सहा कुंड्या, शेंड्यांना मावा. तिने भर दुपारी हे मिश्रण मारलं होतं आणि तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, कागदासारख्या झाल्या होत्या. मावा मात्र पानांखाली जागच्या जागी. "जोर कमी पडला असेल रे," ती म्हणाली, "तंबाखू भिजत घातलाय, उद्या तोही घालते."

म्हणून शेवटच्या ओळींपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या मूर्खपणाने फार तर झाड मरेल.

तंबाखूच्या पाण्याने मावा मरतो, हे खरं आहे. कारण त्यात निकोटिन उतरतं, आणि निकोटिन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष आहे. किड्याच्या नसांमध्ये ते ज्या प्रकारच्या जागी जाऊन बसतं, तशाच जागा आपल्याही शरीरात आहेत. ते कातडीतून आत जातं. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना नुसत्या पानांच्या स्पर्शाने मळमळ, उलट्या, चक्कर आणि घाम येतो, हा शेतीतला माहीत असलेला आजार आहे. मूठभर तंबाखूतून किती निकोटिन उतरलं हे घरी मोजायची सोय नाही. प्रत्येकाची मूठ वेगळी, तंबाखू वेगळा. फवारताना ते हातावर उडतं, श्वासात जातं, आणि उरलेलं तपकिरी पाणी चहासारखं दिसत ओट्यावर राहतं. घरात लहान मूल असेल तर पुढचं सांगायला नको.

वर झाडही ते शोषून घेतं. म्हणजे मिरची धुतली की सगळं गेलं, असं नाही. "लगेच तोडून खा" हे वाक्य ज्याने तंबाखूच्या खाली लिहिलं, त्याला मी एकच गोष्ट दाखवेन. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या सरकारी नियमांत, निसर्गात मिळत असूनही सेंद्रिय पिकावर चालणार नाहीत अशा पदार्थांची एक यादी आहे. त्यात तंबाखूची भुकटी आहे. तिच्या शेजारी आर्सेनिक आणि स्ट्रिक्निन बसलेत. निकोटिनवर चालणाऱ्या शेवटच्या कीटकनाशकाची नोंदणीही तिथे २०१४ च्या सुरुवातीपासून संपली. सेंद्रियवाल्यांनीच जे हाकलून दिलं, ते आपण "१०० टक्के सेंद्रिय" म्हणून पोरांच्या ताटात आणायचं?

आणखी एक, आणि हे खास मिरची, टोमॅटो, वांगं लावणाऱ्यांसाठी. ही सगळी झाडं तंबाखूच्याच कुळातली. तंबाखूवर येणारा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहू शकतो आणि या झाडांना लागू शकतो. पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे येतात, शेंडा आखडतो, आणि त्यावर औषध नाही. रोप उपटून टाकावं लागतं. तंबाखू हाताळून तसेच हात झाडाला लावू नयेत, असं जुने माळी सांगतात ते यामुळेच.

आत्याला सांगितलं, ते पाणी हातमोजे घालून ओत, भांडं पुन्हा स्वयंपाकात आणू नकोस. ती जरा रागावली, पण ओतलं.

आता व्हिनेगर आणि सोडा. हे दोन्ही एकत्र ओतले की फसफसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, काय ताकद आहे! ती ताकद तिथेच संपते. हिशेब करून बघा. अर्धा कप साध्या ५ टक्के व्हिनेगरमध्ये सुमारे ६ ग्रॅम आम्ल असतं आणि दोन सपाट चमचे सोडा म्हणजे साधारण १० ग्रॅम. एवढ्यात दोघे एकमेकांना जवळजवळ पुरते संपवतात. वायू उडून जातो आणि मागे लिटरभर पाण्यात आठ-नऊ ग्रॅम सोडियमचा क्षार उरतो. थोडक्यात, आत्याने मिरचीवर खारट पाणी मारलं. रोज मारलं असतं तर ते कुंडीच्या मातीतही साठत गेलं असतं. फसफस चालू असताना बाटलीचं झाकण घट्ट लावलं तर आत दाब वाढून मिश्रण तोंडावर उडतं, तो भाग वेगळाच. सोडा कमी पडला तर उरलेलं आम्ल पानं जाळतं. तीव्र व्हिनेगर तण मारायला वापरतात, एवढ्यावरून काय ते समजा.

सोड्याला एक मान्यता द्यावी लागेल, नाइलाजाने. भुरी रोगावर, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी येते तिच्यावर, त्याचा सुरुवातीला थोडा उपयोग होतो. पण ती बुरशी आहे. मावा हा किडा आहे. रोग न ओळखता सगळं एकाच बाटलीत कोंबायचं हीच तर या मजकुराची खोड आहे.

लसूण-तिखटाबद्दल फार भांडत नाही. तिखटातल्या जहाल द्रव्याने काही किडे आणि कोळी दूर राहतात हे खरं, पण घरच्या काढ्यात ते किती उतरेल याचा भरवसा नाही आणि पावसाच्या एका सरीत ते धुऊन जातं. डोळ्यात मात्र नेमकं जातं. करायचंच असेल तर चष्मा लावा, वाऱ्याकडे पाठ करा, दुहेरी फडक्यातून गाळा नाहीतर फवाऱ्याचं तोंड तुंबतं. आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ते आंबतं.

राहिलं भांड्यांचं लिक्विड. या सगळ्या खिचडीत कामाचा दाणा असलाच तर तो इथे आहे, आणि तोही चुकीचा निवडलाय. कीड मारायला वापरतात तो खरा साबण, म्हणजे तेल आणि पोटॅशच्या क्षारापासून बनलेला द्रवरूप साबण. भांड्यांचं लिक्विड बहुतेक वेळा साबण नसतंच, डिटर्जंट असतं. तेलकट थर काढणं हे त्याचं काम, आणि पानावरचा मेणाचा थर त्याला तसाच एक थर वाटतो. लिटरला चार चमचे आणि वर दुपारचं ऊन. पानांच्या कडा जळाल्या त्या यामुळे.

आपल्याकडचं साबण आहे की डिटर्जंट, हे ओळखायला व्हिनेगरचा छान उपयोग होतो. पेलाभर पाण्यात थोडं लिक्विड ढवळा आणि चमचाभर व्हिनेगर टाका. पाणी दुधाळ होऊन वर चिकट साय आली तर तो साबण. नितळच राहिलं तर बहुधा डिटर्जंट. या प्रयोगात आणखी एक गंमत दिसते: व्हिनेगरने साबण फुटतो. म्हणजे कोणी खरा साबण वापरला असता तरी व्हिनेगर जास्त झालं की फॉरवर्डची कृती त्याला निकामी करणार. जड पाण्यातही साबणाचा असाच चोथा होतो, म्हणून पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्यायचं.

आत्याकडे आम्ही जे केलं ते असं. आधी नुसत्या पाण्याची जोरदार धार पानांच्या खालून मारली. निम्म्याहून जास्त मावा तिथेच गळाला, आणि गळालेला मावा सहसा परत चढत नाही. मग एक लिटर फिल्टरच्या पाण्यात १० मिली, म्हणजे दोन छोटे चमचे, बिनवासाचा द्रवरूप साबण. एका रोपाच्या तीन पानांवर मारून दोन दिवस थांबलो. डाग पडले नाहीत. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानांची खालची बाजू आणि शेंडे थेंब गळेपर्यंत भिजवले. पाणी न मिळाल्याने मलूल झालेल्या रोपावर किंवा ३२ अंशांच्या वर तापलेल्या हवेत हे करायचं नाही. डिटर्जंटशिवाय काहीच नसेल तर लिटरला एक छोटा चमचा, त्याहून जास्त नाही, आणि दोन तासांनी साध्या पाण्याने पानं धुवायची. बाटलीवर नाव लिहायचं, पिण्याच्या बाटलीत कधीच भरायचं नाही, आणि मिरची तोडल्यावर स्वच्छ धुवायची.

साबण फक्त ओला असताना आणि किड्याच्या अंगाला लागला तरच मारतो. वाळला की संपला. त्यामुळे चुकलेला मावा पुन्हा वाढतो आणि पाच-सात दिवसांनी परत फवारावं लागतं, पण रोज नाही. रोजच्या फवाऱ्याने मेण जातं आणि झाड आणखी कमजोर होतं. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, लाल कोळी अशा मऊ अंगाच्या किडींवर हे चालतं. अळी, भुंगेरे आणि बहुतेक अंडी याला भीक घालत नाहीत. अळी हाताने वेचावी लागते. "सगळी कीड" हे दोन शब्द तिथेच निकालात निघतात.

फवारल्यावर काय बघायचं हेही आत्याला दाखवावं लागलं, कारण दुसऱ्या दिवशी तिचा फोन: "अजून पांढरं-पांढरं आहे!" ती माव्याने टाकलेली कात होती. मेलेला मावा तपकिरी, आक्रसलेला दिसतो. काही मावे फुगीर, फिकट तपकिरी मण्यांसारखे होते, एकाला गोल भोक. ते साबणाचं काम नव्हे. बारीक गांधीलमाशीने आत अंडं घातलेलं असतं. अशी पानं आणि लेडीबर्डच्या अळ्या असलेले शेंडे आम्ही फवाऱ्यातून वगळले, कारण साबणाला शत्रू-मित्र कळत नाही. खोडावर मुंग्यांची रांग होती, ती आधी तोडली. मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

दोन फवाऱ्यांनंतर पाच रोपांचे नवे शेंडे स्वच्छ आहेत. जुनी आखडलेली पानं सरळ झालेली नाहीत, होणारही नाहीत. सहाव्या रोपाची नवी पानंही वळलेलीच येताहेत, मावा नसताना. तो बहुधा विषाणू आहे, किडीनेच आणलेला, आणि कुठल्याच बाटलीत त्याचं उत्तर नाही. आत्याने ते रोप बाकीच्यांपासून दूर ठेवलंय. आणखी एक आठवडा बघून उपटणार म्हणते. मी आजच उपट म्हणालो, पण त्यालाच पहिली मिरची लागली होती.