आधी आकडा की आधी कारण? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

“सर, टार्गेट चुकलं की रिव्ह्यूत पहिला आकडा, मग परिणाम आणि कारणं तिसऱ्या नंबरला, हे एसीत बसून पीपीटी करणाऱ्यांना शोभतं. कारण आधी सांगितलं नाही तर साहेब आमचाच गळा धरतो. रिकव्हरीत कमी आकडा सांगायची तर सोयच नसते. तुमच्या उदाहरणात लाइट जाण्याचा साधा उल्लेखही नाही. आणि पोस्ट किती लांबड!”
— एक शॉप-फ्लोअरवाला

नमस्कार.

उत्तर द्यायला दोन दिवस लावले, कारण तुमची प्रतिक्रिया वाचल्या वाचल्या जे मनात आलं ते इथे लिहिण्यासारखं नव्हतं. मतभेदाचं मला वावडं नाही. पण मी कुठे बसतो आणि काय करतो हे माहीत नसताना ‘एसीत बसून’ म्हणायचं, ही कुठली पद्धत? मी आयटीआय मशिनिस्ट. भोसरीत एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, नाइट शिफ्टला कूलंटच्या वासात डबा खाल्ला, सेटर झालो, सुपरवायझर झालो आणि मग बरीच वर्षं प्रॉडक्शन सांभाळलं. रिव्ह्यूत टेबलाच्या त्या बाजूला उभं राहून खाल्लेल्या शिव्या अजून कानात आहेत. तेव्हा शॉप-फ्लोअरचा ठेका फक्त तुमच्याकडे आहे असं समजू नका.

लाइटचा मुद्दा मात्र रास्त आहे. नुसता एक झटका बसला तरी सीएनसी मध्येच थांबतं, फिक्श्चरमधला जॉब आणि बऱ्याचदा टूलही जातं, आणि पुन्हा रेफरन्स घेऊन पहिला नग तपासून सोडेपर्यंत चांगला वेळ मोडतो. मीटरवर दहा मिनिटं दिसतात, नुकसान त्याहून जास्त असतं. त्यासाठी वेगळी ओळ हवी, हे मान्य.

आता गळा धरण्याबद्दल. मी काम केलेल्या एका कारखान्यात महिन्याच्या रिव्ह्यूला आमचा एक सहकारी उभा राहिला. चांगला माणूस, मशीनची नस न् नस माहीत असलेला. पहिली स्लाइड स्पिंडल बिघडल्याची, दुसरी फाउंड्रीकडून कास्टिंग न आल्याची, तिसरी गैरहजेरीची. तिसऱ्या स्लाइडला प्लँट हेडनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “किती कमी?” हा म्हणाला, “सर, तेच सांगतोय, त्याआधी जरा बॅकग्राउंड...” पुढचा पाऊण तास त्या ‘बॅकग्राउंड’वरच गेला. प्रत्येक कारणाला उलटतपासणी झाली, कारण समोरच्याला कशाचं कारण ऐकतोय हेच माहीत नव्हतं. दोनशे नगांचं की पाच हजारांचं? आकडा कळत नाही तोवर ऐकणारा वाईटातलं वाईट धरून चालतो आणि कारणं त्याला सबबी वाटतात. गळा धरला जातो तो इथे.

तो महिना माझ्या चांगला लक्षात आहे, कारण नंतर तीच मांडणी मला पुन्हा करायला सांगितली होती. हिशेब डोक्यात बसावा म्हणून आकडे थोडे सोपे करून सांगतो. टार्गेट 24,000 हाउसिंग, झाले 20,400. म्हणजे 3,600 कमी. पहिलं वाक्य एवढंच. त्याला ‘तरीसुद्धा’ नाही, ‘परिस्थिती पाहता’ नाही.

लगेच पुढे परिणाम, कारण साहेबाच्या डोक्यात दुसरा प्रश्न ‘का’ हा नसतोच, ‘आता कुणाला फटका’ हा असतो. इथे बहुतेकजण चुकतात आणि तोच 3,600 परत वाचून दाखवतात. आमच्या फिनिश्ड स्टोअरमध्ये 1,800 नग शिल्लक होते, ते पाठवून टाकले. त्यामुळे ग्राहकाला प्रत्यक्षात 1,800 कमी गेले आणि आमचं स्टोअर रिकामं झालं. ग्राहकाकडचा साठा 4 तारखेच्या पहिल्या शिफ्टपर्यंत पुरणार होता. त्यानंतर त्याची लाइन आमच्या रोजच्या ट्रकवर अवलंबून. ‘4 तारीख, पहिली शिफ्ट’ हे ऐकल्यावर खोलीतलं बोलणं बदललं. लॉजिस्टिक्सवाल्याने तिथेच वही उघडली. तुमच्या पद्धतीने गेलो असतो तर ही तारीख चाळिसाव्या मिनिटाला बाहेर आली असती.

मग कारणं. आपली बाजू मांडू नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पोस्ट नीट वाचली असती तर हे दिसलं असतं. बाजू मांडायची, पण नगांत मांडायची आणि बेरीज 3,600 यायला हवी. आमच्या लाइनचा गळा, म्हणजे जिथे सगळं काम अडतं ते ऑपरेशन, ओपी-30, तिथे दोन व्हीएमसी मशीन. एका नगाला अडीच मिनिटं, दिवसाला धरून चालण्यासारखे 21 तास, म्हणजे एका मशीनचे 504 नग. 25 दिवसांत 24,000 म्हणजे रोजची गरज 960. एक मशीन चार दिवस बंद, म्हणजे रोज 456 कमी, एकूण 1,824. कास्टिंग न आल्यामुळे 1,200. नेहमीपेक्षा जास्त झालेलं रिजेक्शन 330. बेरीज 3,354. उरलेल्या 246 नगांचा हिशेब लागत नव्हता. ते ‘इतर’ नावाखाली ढकलायचा मोह होतो, तसं करू नका. ‘246 चा हिशेब लागलेला नाही, शुक्रवारपर्यंत शिफ्टच्या नोंदी तपासून सांगतो’ असं स्लाइडवर लिहिलं होतं. त्या एका ओळीमुळे वरच्या तिन्ही आकड्यांवर कुणी शंका घेतली नाही.

बेरीज आली म्हणून कारण सापडलं असं मात्र नाही. ‘स्पिंडल गेला’ हे काय झालं ते सांगतं, का झालं ते नाही. उघडून पाहिल्यावर बेअरिंगमध्ये कूलंट गेलेलं दिसलं. कूलंट आत जाऊ नये म्हणून स्पिंडलला हवेचा दाब दिलेला असतो, त्या एअर लाइनचा फिल्टर चोंदलेला होता आणि दाब पडलेला होता. डेली चेकशीटवर मात्र रोज टिक होती, कारण चेकशीटमध्ये ‘एअर प्रेशर ओके’ एवढंच छापलेलं, गेजवर किती आकडा दिसायला हवा ते नाही. त्यात राखीव स्पिंडल नव्हता, म्हणून चार दिवस. कास्टिंगचंही तसंच. फाउंड्रीने उशीर केला असं आम्ही आठवडाभर म्हणत होतो. कागद काढल्यावर कळलं की महिना सुरू झाल्यावर उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या आमच्याच पीपीसीने शेड्युल बदललं होतं, फाउंड्रीला लागणारा वेळ शिल्लक नसताना. बाहेरच्यावर ढकललेलं कारण असं रिव्ह्यूत उलटलं की पुढचे सहा महिने तुमच्या कुठल्याही कारणावर कुणी विश्वास ठेवत नाही. कारणं आधी सांगायची घाई असलेल्या माणसाचं नेमकं हेच होतं, कारण त्याने ती तपासलेली नसतात.

रिकव्हरीत कमी आकडा सांगायची सोय नसते म्हणणाऱ्यांनी हे गणित करून पाहावं. पुढच्या महिन्याचं टार्गेट पुन्हा 24,000. त्यात 3,600 मिळवून ‘साहेब, 27,600 काढतो’ असं म्हणायला छाती लागत नाही, फक्त तोंड लागतं. 25 दिवसांत 27,600 म्हणजे रोज 1,104. दोन्ही मशीन धडधाकट चालली तरी ओपी-30 मधून 1,008 च निघतात. म्हणजे ते वचन देतानाच ते मोडणार हे ठरलेलं असतं. आणि पुढच्या महिन्यात तुम्ही त्याच टेबलासमोर उभे राहता, या वेळी दोन महिन्यांची तूट घेऊन.

आम्ही असं मांडलं. 1,008 मधून रोजची गरज 960 गेली की रोज 48 ची जास्तीची ताकद, 25 दिवसांत 1,200. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. चारपैकी तीन गुरुवार चालवायचे, चौथा मेंटेनन्सला ठेवायचा. तो चौथा कुणाच्याही आग्रहाने सोडायचा नाही, कारण बिघाडातूनच हे सगळं सुरू झालं होतं. तीन गुरुवारांचे 3,024. कागदावर 4,224 होतात, म्हणजे 3,600 आरामात बसतात असं वाटतं. पण महिनाभर एकही मशीन थांबणार नाही हे कोण लिहून देणार? शिवाय फाउंड्रीने नेहमीपेक्षा जास्तीचे 3,000 च कास्टिंग लेखी कबूल केले होते. म्हणून आम्ही सांगितलं: या महिन्यात 3,000 भरून काढतो, उरलेले 600 पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. खर्च म्हणजे तीन गुरुवारांचा ओव्हरटाइम दुप्पट दराने, शिवाय बदली सुट्ट्या, त्या कोणत्या दिवशी द्यायच्या हेही आधीच लिहिलेलं.

साहेब चिडले का? चिडले. “600 पण याच महिन्यात बसव” म्हणाले. मी म्हटलं, “सर, फाउंड्रीकडून अजून 600 लेखी मिळवून द्या, लगेच आकडा बदलतो.” त्यांनी तिथूनच परचेसला फोन लावला. मिळाले नाहीत, आणि आकडा 3,000 च राहिला. मर्यादा कुठे आहे हे दाखवलं की भांडण त्या मर्यादेशी होतं, तुमच्याशी नाही. तुमचे साहेब खरोखर ऐकतच नसतील तर तो वेगळा विषय आहे, त्याचं खापर माझ्या मांडणीवर फोडू नका.

प्लॅन चुकतोय हे कधी कळणार तेही आधी ठरवलेलं असावं लागतं. 10 तारखेपर्यंत एक गुरुवार आणि आठएक कामाचे दिवस होतात, तेवढ्यात 1,000 जास्तीचे निघाले नाहीत तर महिनाअखेरीस 3,000 होण्याचा भरवसा राहत नाही. तसं झालं तर ओपी-30 चं थोडं काम बाहेर जॉबवर्कला द्यायचं ठरलं होतं. पण प्रक्रियेची जागा बदलली की ग्राहकाची मंजुरी लागते, नमुने आणि मोजमापांचे रिपोर्ट द्यावे लागतात, आणि 10 तारखेला अर्ज केला तर महिना संपतो. म्हणून मंजुरीची मागणी रिव्ह्यूच्याच दिवशी टाकली, गरज पडो न पडो. रिकव्हरी प्लॅनमध्ये दुसरा रस्ता नुसता लिहून भागत नाही, त्याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी लागते.

पोस्टच्या लांबीबद्दल काही म्हणायचं नाही, ज्याला नको त्याने वाचू नये. तुमच्याकडे एखाद्या चुकलेल्या महिन्याचे आकडे असतील तर कंपनीचं नाव काढून पाठवा: गळा कुठल्या ऑपरेशनला आहे, तिथला सायकल टाइम किती आणि दिवसाला खरे चालणारे तास किती. बसून मांडणी करून देईन, मनापासून सांगतोय. पण पुढच्या वेळी माझ्या खुर्चीवर आणि एसीवर लिहिलंत, तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.