‘सबमिट केलं की काम संपलं’ म्हणणारा मेसेज आणि माझ्या भाचीचे ६,२०० रुपये

“पहिल्यांदा आयटीआर भरणाऱ्यांनी लक्ष द्या. १) पोर्टलवर रजिस्टर करताना एजंटचाच मोबाईल आणि ईमेल टाका, ओटीपीचं तोच बघतो. २) रिटर्न सबमिट केलं की काम संपलं, ई-व्हेरिफाय फक्त धंदेवाल्यांना लागतं. ३) बँक खातं व्हॅलिडेट करू नका, सरकारला बॅलन्स दिसतो. रिफंड आधार लिंक खात्यात आपोआप येतो. सगळ्यांना पाठवा.”

हे आमच्या फॅमिली ग्रुपवर ताईने टाकलं, आणि खाली माझ्या भाचीचा रिप्लाय, “मामा, मी तर काल हेच करून बसले.” म्हणून लिहितोय. नाहीतर असले फॉरवर्ड मी वाचतही नाही.

भाचीचं प्रकरण आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. ऑक्टोबर २०२५ ला पहिली नोकरी लागली, पगार महिना ३८,०००, मार्चपर्यंत सहा महिन्यांचे २,२८,०००. आमच्या बाबांनी नातीच्या नावाने एफडी ठेवलीय तिचं वर्षाचं व्याज ६२,०००. व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की बँक १० टक्के टीडीएस कापते, तसे ६,२०० कापले गेले. आता हिशोब बघा, पगार आणि व्याज मिळून २,९०,०००, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० गेलं की उरले २,१५,०००. नव्या रेजीममध्ये ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही. म्हणजे कापलेले ६,२०० पूर्ण तिचे. तिला रिटर्न भरायची सक्ती पण नव्हती, ती भरतेय ते फक्त हे पैसे परत मिळावेत म्हणून. आणि मेसेजमधलं सगळं जसंच्या तसं पाळलं असतं तर नेमके तेच मिळाले नसते.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न म्हणजे सही न केलेला अर्ज. नोकरीवाला असो, दुकानदार असो, पेन्शनर असो, नियम सगळ्यांना एकच आहे. २९ जुलै २०२२ चं नोटिफिकेशन क्रमांक ५/२०२२ काढून वाचा, त्यात स्वच्छ लिहिलंय की १ ऑगस्ट २०२२ पासून रिटर्न अपलोड केल्यापासून ३० दिवसांत ते व्हेरिफाय व्हायला पाहिजे. त्यात केलं तर अपलोडची तारीख हीच रिटर्नची तारीख धरतात. उशिरा केलं तर व्हेरिफाय केलेली तारीख धरतात, म्हणजे तुम्ही जुलैमध्ये भरलेलं रिटर्न सप्टेंबरमध्ये व्हेरिफाय केलंत की ते लेट रिटर्न झालं आणि लेट फी वगैरे सगळं मागे लागलं. आणि केलंच नाही तर ते रिटर्न बाद. प्रोसेसच होत नाही, मग रिफंड कुठून येणार?

माणसं फसतात कशी तेही सांगतो. सबमिटच्या आधी पोर्टल तीन पर्याय देतं, `e-Verify Now`, `e-Verify Later` आणि `Verify via ITR-V`. त्यावेळी ओटीपी येत नसला की माणूस `Later` दाबतो, समोर पोचपावतीचा नंबर येतो, ईमेल येतो, आणि वाटतं झालं. भाचीचं अगदी हेच झालं होतं. तिला म्हटलं लॉगिन कर, `e-File` मध्ये `Income Tax Returns` आणि त्यात `View Filed Returns` उघड. तिथे लिहिलं होतं की ई-व्हेरिफिकेशन बाकी आहे, आणि शेजारीच बटण. कोणाला शंका असेल तर हीच एक जागा बघा, एजंटच्या ‘हो झालंय’ वर जाऊ नका.

आता व्हेरिफाय करायचं कसं. सगळ्यात सोपा आधार ओटीपी. पण हा ओटीपी पोर्टलवर दिलेल्या नंबरवर येत नाही, आधारला जो नंबर जोडलेला आहे त्यावर येतो, आणि पॅन आधारशी लिंक असावं लागतं. अर्ध्या लोकांचा ‘ओटीपीच येत नाही’ हा घोळ इथेच असतो, आधारला शाळेत असताना दिलेला बाबांचा नंबर आणि हे बघत बसतात स्वतःच्या फोनकडे. आधारचा नंबर बंद पडला असेल तर नेटबँकिंगमधून लॉगिन करून इन्कम टॅक्सच्या लिंकवरून पोर्टलवर जाता येतं आणि तिथून व्हेरिफाय होतं. नाहीतर ईव्हीसी, हा दहा अक्षर-आकड्यांचा कोड असतो, तो व्हॅलिडेट केलेल्या बँक किंवा डीमॅट खात्यावरून मागवायचा, ७२ तास चालतो. यातलं काहीच जमत नसेल तर आयटीआर-व्ही, म्हणजे रिटर्नच्या पडताळणीचा फॉर्म, प्रिंट काढा, निळ्या शाईने सही करा आणि विभागाच्या बंगळुरूच्या सीपीसी केंद्राला, पिनकोड ५६०५००, स्पीड पोस्टने पाठवा, आणि तो त्याच ३० दिवसांत तिथे पोहोचला पाहिजे.

हां, एक मान्य करतो. धंदेवाल्यांचा जो उल्लेख आहे तो कुठून आला असेल ते कळतं. ज्यांचं ऑडिट होतं त्यांना डिजिटल सिग्नेचर, म्हणजे डीएससी लागते, आणि ती साध्या पगारदाराला लागत नाही. एवढं खरं आहे. पण डीएससी हा व्हेरिफाय करायचा एक प्रकार आहे, ती नको म्हणजे व्हेरिफायच नको असं कोणी ठरवलं? तसंच पूर्वी मुदत १२० दिवसांची होती, त्या काळातले जुने मेसेज पण अजून फिरतात, ते आता चालत नाहीत.

पहिला मुद्दा. पोर्टलवर रजिस्टर करायला दहा मिनिटं लागतात. incometax.gov.in वर `Register`, टॅक्सपेयर म्हणून पॅन टाकायचा, मग आडनाव, जन्मतारीख पॅनवर आहे तशीच्या तशी, मग मोबाईल आणि ईमेल. दोन्हीकडे वेगवेगळे ओटीपी येतात, ते आपापल्या रकान्यात टाकायचे, आणि पासवर्ड ठेवायचा. युजर आयडी म्हणजे तुमचा पॅनच. यात एजंट लागतोच कुठे?

आणि दुसऱ्याचा नंबर दिल्यावर काय होतं ते माझ्या स्वतःच्या अनुभवातून सांगतो. माझं पहिलं रिटर्न एकाने असंच त्याचा ईमेल टाकून भरलं होतं. रिटर्नमध्ये चूक निघाली, विभागाने डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस पाठवली, तिला उत्तर द्यायला १५ दिवस असतात, आणि ती नोटीस त्याच्या ईमेलला पडून राहिली. मला कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती. तेव्हापासून मी कोणालाही हे करू देत नाही. तुमच्या नावावर काय भरलं गेलं, कुठल्या खोट्या वजावटी दाखवल्या, नोटीस आली का, सगळं त्याच्या फोनवर जाणार आणि जबाबदारी मात्र पॅनधारकाची, म्हणजे तुमची.

ज्यांनी आधीच दिलाय त्यांनी घाबरू नका. पासवर्ड माहीत नसेल तर `Forgot Password` मध्ये आधार ओटीपीचा पर्याय आहे, तो आधारच्या नंबरवर येतो म्हणजे एजंटकडे जात नाही. आत गेल्यावर `My Profile` मध्ये कॉन्टॅक्ट डिटेल्स बदलायचे, ओटीपी नव्या नंबरवर आणि नव्या ईमेलवर येतात. भाचीने हे रात्री माझ्याशी फोनवर बोलता बोलता केलं. शेअर्स, घरविक्री असलं काही असेल तर सीएकडे जरूर जा, मी पण जातो, पण त्याच्यासाठी `Authorised Partners` मध्ये `My CA` आहे, तिथे त्याला जोडा. नंबर आपलाच ठेवा.

राहिलं बँक खातं. बॅलन्सची भीती तर लगेच सोडा. व्हॅलिडेट करताना खातं नंबर, आयएफएससी, पॅन, नाव, मोबाईल एवढंच बँकेकडून पडताळून घेतात. व्याजाची माहिती बँक विभागाला तशीही देते, भाचीचे ६२,००० पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे वर्षाच्या माहिती विवरणात, आधीच दिसत होते, तिने एकही खातं जोडलेलं नसताना.

आधार लिंक खात्याचा गैरसमज मात्र मला समजतो. गॅसची सबसिडी, लाडकी बहीणचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात आपोआप येतात, त्यामुळे घरोघरी तेच डोक्यात बसलंय. इन्कम टॅक्सचा रिफंड तसा येत नाही. तो पॅन जोडलेल्या, पोर्टलवर व्हॅलिडेट केलेल्या आणि रिफंडसाठी निवडलेल्या खात्यातच येतो. प्रोफाईलमध्ये `My Bank Account`, तिथे `Add Bank Account`, आणि व्हॅलिडेट झालं की रिफंडसाठी नॉमिनेट करायचं बटण चालू करायचं. ते बटण लोक हमखास विसरतात.

भाचीचं खातं पहिल्यांदा फेल झालं, आणि कारण घरोघरचं आहे. खातं ती लहान असताना ताईने उघडलेलं, त्यात पॅन जोडलेलाच नव्हता, नावात वडिलांचं नाव नव्हतं आणि पॅनवर होतं, मोबाईल ताईचा. `Failed Bank Accounts` मध्ये कारण लिहून येतं, ते वाचायचं. ती शाखेत गेली, पॅनची झेरॉक्स देऊन केवायसी अपडेट केलं, नाव पॅनप्रमाणे करून घेतलं, आणि पोर्टलवर येऊन पुन्हा व्हॅलिडेट केलं. मोबाईल अजून ताईचाच होता म्हणून खातं व्हॅलिडेट झालं पण ईव्हीसी चालू झालं नाही. रिफंडला त्याने काही अडत नाही, फक्त त्या खात्यावरून व्हेरिफाय करता येत नाही, म्हणून तिने आधार ओटीपी वापरला.

जुन्या देना बँकेची, सिंडिकेटची खाती असलेल्यांनी आयएफएससी तपासा, विलीनीकरणानंतर कोड बदललेत, जुन्या कोडवर चालणार नाही. आणि रिफंड निघून परत गेला असेल तर पैसे बुडत नाहीत, खातं नीट करून `Services` मध्ये `Refund Reissue` ची रिक्वेस्ट टाका.

भाचीचं रिटर्न अपलोड झाल्याच्या नवव्या दिवशी व्हेरिफाय झालं, मुदतीत. हेच तिला जानेवारीत कळलं असतं तर ३१ डिसेंबरची लेट रिटर्नची तारीख गेलेली असती, आणि त्यानंतर जे अपडेटेड रिटर्न भरता येतं त्यात रिफंड मागताच येत नाही. ताई, तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलायस तिथून आजच डिलीट कर, आणि सोसायटीच्या ग्रुपवर हे टाक.