मूल्यमापनाच्या फॉर्ममधला ‘बेजबाबदार’

“प्रसंग, वर्तन, परिणाम असं तीन भागांत शेरा लिहायचं फॅड मोठ्या कंपन्यांचं. आपल्या सोलापुरात कारखानदाराला माणूस चार दिवसांत कळतो. ‘बेजबाबदार’ एवढं लिहा, ज्याला समजायचं त्याला समजतं. गुळमुळीत लिहून कुणी सुधारत नाही. वर्षभराचं काम एका प्रसंगात मावत नाही. आणि वेळ कुणाला आहे?”

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांचं मनुष्यबळाचं काम मी पाहते. मार्च-एप्रिलमध्ये शेऱ्यांचे फॉर्म माझ्या टेबलावरून जातात आणि त्याच दिवसांत हा मजकूर ग्रुपांवर फिरतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी माणूस कळण्याबद्दल. दुसऱ्याच्या हातून चूक झाली की आपण ती त्याच्या स्वभावावर ढकलतो, त्या वेळची परिस्थिती मोजत नाही. ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली या सवयीला नाव दिलं आणि तेव्हापासून ती मानसशास्त्रात शिकवली जाते. आपल्याकडे तिला आणखी एक पदर आहे. लूमवरचे, चेकिंगमधले कितीतरी जण घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्यांचं कामापुरतं मराठी ऐकणाऱ्याला तुटक वाटतं आणि शेऱ्यात ‘उद्धट’ असं उतरतं. तो नेमकं काय बोलला, कुणासमोर बोलला, हे लिहायची सक्ती असली तर निम्म्या वेळा लिहिणाऱ्यालाच कळतं की लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आता ‘एक शब्द पुरे’ हा मुद्दा. यावर मला जास्त बोलायचंय, कारण खरं नुकसान इथं होतं. डिस्पॅचच्या क्लार्कचं उदाहरण घेऊ. फॉर्मवर शेरा असतो: “कामात बेजबाबदार. लक्ष नसते. दृष्टिकोन सुधारावा.” हे वाचून त्यानं उद्या सकाळी वेगळं काय करायचं? लवकर यायचं, कमी बोलायचं, की फोन बाजूला ठेवायचा? त्याला अंदाज बांधावा लागतो. बहुतेक वेळा तो एवढाच अंदाज बांधतो की साहेबांना मी आवडत नाही.

तोच शेरा तीन भागांत असा होतो. प्रसंग: “दिवाळीआधीच्या शनिवारी दुपारी, भिवंडीच्या गोडाउनला जाणाऱ्या गाडीचं लोडिंग.” वर्तन: “टॅली शीटवर कार्टनच्या खुणा केल्या नाहीत. लोडिंग स्लिपवर १२० लिहून सही केली.” परिणाम: “गोडाउनला ११६ कार्टन पोचले. उरलेले चार सोमवारी वेगळ्या टेम्पोनं पाठवले, भाडं आपल्याकडे लागलं. तोवर ग्राहकानं पूर्ण बिल थांबवलं.”

यात त्याच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नाही, तरी सुटका कुठेही नाही. कोरी टॅली शीट फायलीला लावलेली आहे. वाद घालायचा तर कागदाशी घालावा लागेल.

ही पद्धत सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकेतल्या संस्थेनं रूढ केली. ऐकायला सोपी आहे, लिहायला बसलं की चुकते, आणि चुकते ती बहुतेक वेळा मधल्या भागात. “मोजणीकडे दुर्लक्ष केलं” हे वर्तन वाटतं, पण तो आपला निष्कर्ष आहे. “मुद्दाम”, “बेफिकिरीनं”, “इंटरेस्ट नव्हता” ही सगळी त्याच घरातली. मी सुपरवायझरांना एकच कसोटी देते: तिथं उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला हे डोळ्यांनी दिसलं असतं का, कानांनी ऐकू आलं असतं का? दिसलं नसतं तर खोडा. “नेहमी” आणि “कधीच” हे शब्दही खोडा. समोरचा एक उलटा दाखला देतो आणि अख्खा शेरा पडतो. परिणामाच्या भागात झालं तेवढंच लिहा. “ग्राहक तुटला असता” ही भीती आहे, परिणाम नाही.

लिहून झाल्यावर एक पायरी उरते. त्याच संस्थेनं ती पुढे जोडली: हेतू विचारणं. आपल्या क्लार्कला विचारलं, “त्या दुपारी काय चाललं होतं?” समजा, तो म्हणाला की दोन गाड्या एकदम लागल्या आणि मोजणीचा हेल्पर सुपरवायझरनंच हेमिंगला पाठवला होता. शेरा पुसायचा नाही, कारण न मोजता केलेली सही त्याचीच आहे. पण उपाय बदलतो. हेल्पर नसेल तर दुसरी गाडी थांबवायची, सुपरवायझरला फोन करायचा, आणि लोडिंग चालू असताना डिस्पॅचचा हेल्पर कुणी हलवायचा नाही. ‘बेजबाबदार’ लिहून बंद केलेल्या फॉर्ममधून ही दुसरी अर्धी चूक कधीच बाहेर आली नसती.

राहिला ‘गुळमुळीत’चा आरोप. वरचा शेरा परत वाचा आणि सांगा, त्यात गूळ कुठे आहे. अवि क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायांवरच्या जुन्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय दिल्यावर काम उलट घसरलं होतं. त्यांचं म्हणणं असं की माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर, ‘मी कसा आहे’ यावर गेलं की अभिप्रायाचा गुण कमी होतो. ‘बेजबाबदार’ हा शब्द लक्ष नेमकं तिथंच नेतो. कौतुकालाही हेच लागू आहे. “उत्तम कर्मचारी” वाचून बरं वाटतं. “डाइंगच्या लॉटमधला शेडचा फरक शिलाईला जाण्याआधी पकडला, माल परत यायचा वाचला” असं लिहिलं की चेकिंगमधली बाई पुढच्या लॉटलाही तेवढंच निरखून बघते.

वर्षभराचं काम एका प्रसंगात मावत नाही, हे मात्र खरं आहे. ते मी मान्य करते. एका प्रसंगावरून सवय ठरवू नये. निदान दोन-तीन वेगवेगळ्या महिन्यांतले प्रसंग हवेत. पण एका शब्दात वर्ष मावतं असं मानणारा माणूस बहुतेक वेळा मार्चचे शेवटचे पंधरा दिवसच लिहीत असतो, कारण तेवढेच आठवतात. यावर उपाय साधी वही आहे. घडलं त्या दिवशी तारीख, काय दिसलं, काय झालं, एवढ्या दोन ओळी. चांगलंही लिहायचं, नाहीतर वही पोलीस डायरी होते आणि लोक तिला घाबरू लागतात. आणि चूक वहीत टिपून मार्चपर्यंत दाबून ठेवायची नाही; त्याच आठवड्यात बोलायचं. फॉर्ममध्ये माणसाला पहिल्यांदा कळावं असं काही असू नये.

वेळेचं उत्तर यातच आलं. वही असेल तर फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. नसेल तर खरंच जड जातं.

या पद्धतीकडून एक अपेक्षा ठेवू नका. पगारवाढ किती द्यायची हे ती ठरवत नाही. तो हिशोब वेगळा. आणि चोरी, मारहाण किंवा लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती शेऱ्याच्या रकान्यात लिहायचीच नाही. तिथं रीतसर चौकशी लागते, आणि छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे नेमलेली अंतर्गत समिती.