साहेब, दोन माणसं उतरवतो!

पालिकेत स्वच्छता पर्यवेक्षकाची जागा निघाली आहे. अकरा महिने, कंत्राटी, थेट मुलाखत. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढून झाल्या असतील, शर्टाला इस्त्री झाली असेल. राहिली फक्त उत्तरं, आणि तीसुद्धा क्लासवाल्यांनी पुस्तिकेत छापून ठेवली आहेत. तुम्ही निव्वळ पाठ करायची.

"स्वतःबद्दल सांगा" म्हणाले की लहानपणापासून स्वच्छतेची आवड होती असं ठोकून द्या. पहाटे सहाला हजेरी शेडवर उभं राहायचं स्वप्न कुठलं पोर बघतं, असं कुणी विचारत नाही.

ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. एवढं सांगून गप्प बसा. पुढे गाडीत दोन्ही एकत्र होतात, हे समोरच्यांना तुमच्या आधीपासून माहीत आहे.

मग हजेरीचा प्रश्न येतो. मस्टरवर वीस सह्या, रस्त्यावर चौदा माणसं, काय कराल? पुस्तिका म्हणते, "कामगारांना प्रेमाने समजावून सांगेन." वा! जो माणूस बीटवर आलेलाच नाही त्याला प्रेमाने समजवायचं कुठे, त्याच्या घरी जाऊन? तुम्हाला नोकरी करायचीच असेल तर वेगळं उत्तर द्या. सह्या झाल्यावर शेडमध्ये चहा पीत बसणार नाही. तासाभराने बीटवर जाऊन डोकी मोजेन, ज्या गल्लीत माणूस नाही तिची वेळेसह नोंद करेन आणि ती त्याच दिवशी स्वच्छता निरीक्षकाच्या हातात देईन. मुकादमाने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर माझी सही होणार नाही. यावर समोरचा एखादा साहेब खुर्चीत जरा हलेल, हलू द्या.

आता सगळ्यात आवडता प्रश्न. "वस्तीत चेंबर तुंबलंय, मैलापाणी घरात शिरतंय, नगरसेवकांचा फोन चालू आहे. काय कराल?"

इथे छाती पुढे काढायची आणि म्हणायचं, "साहेब, सेफ्टी किट घालून दोन माणसं उतरवतो, तासाभरात लाइन चालू!"

पदरचं सांगत नाही. मी या खात्यात नोकरी केली म्हणून परवा एका क्लासने मला नमुना मुलाखती घ्यायला बोलावलं होतं. एका पोराने हे उत्तर दिलं, तसंच्या तसं, आणि शिकवणाऱ्या सरांनी टाळ्या वाजवल्या. "निर्णयक्षमता!" म्हणाले. पुढच्याने तेच म्हटलं, त्याच्या पुढच्यानेही. पोरं तरी काय करणार, पुस्तिकेत ठळक टायपात तेच छापलंय.

तर किट घालून उतरवा. किटमध्ये काय असतं? हातमोजे, गमबूट, चमकणारं जॅकेट आणि तोंडाला कापडी मास्क. चेंबरमध्ये काय असतं? हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वरचा मुकादम म्हणतो "वास गेला, उतर", तेव्हा वायू गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. कापडी मास्क त्याला अडवत नाही. फिल्टरचा चांगला मास्क दिलात तरी आत प्राणवायूच कमी असेल तर तो मास्क कुठून आणणार? काडी पेटवून बघणारे महाभागही आहेत. मिथेन साचला असेल तर भडका उडतो, आणि काडी विझली नाही म्हणून हायड्रोजन सल्फाइड नाही असं होत नाही. वायूमापक तोंडाशी धरून "सगळं ठीक" म्हणणंही पुरेसं नाही, कारण पाय गाळात पडला की गाळात अडकलेला वायू तेव्हा सुटतो. पहिला कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, बहुधा त्याचा भाऊ किंवा मित्र. मग दुसऱ्या दिवशी बातमीत दोन मृतदेह असतात, आणि पर्यवेक्षक म्हणतो, "मी किट दिलं होतं."

आता खरं उत्तर ऐका, एकदाच सांगतो. पहिलं वाक्य: "कुणालाही आत उतरवणार नाही, तो अधिकार मला नाही." २०१३च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाकडून धोकादायक सफाई करून घ्यायला बंदी आहे. नियमांत मोजके अपवाद आहेत, पण "तुंबलंय, घाई आहे" हा त्यात बसत नाही. अगदीच अपरिहार्य म्हणून माणूस उतरवायचा तर कारणं नोंदवून लेखी परवानगी लागते, आणि ती पालिकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची. तुमची नाही, मुकादमाची नाही, नगरसेवकांच्या फोनची तर नाहीच.

मग चेंबरभोवती अडथळे लावा, पोरं लांब ठेवा. वाहत्या दिशेने एकेक झाकण उघडत जा. एक चेंबर काठोकाठ भरलेलं असेल आणि त्याच्या पुढचं जवळजवळ कोरडं, तर चोकअप त्या दोघांच्या मध्ये आहे. जेटिंग गाडी त्या कोरड्या चेंबरवर लावा आणि नोझल तिथून वरच्या बाजूला सोडा. पाणी मागे फेकत नोझल पुढे सरकतं आणि गाळ खालच्या चेंबरमध्ये ओढून आणतं. तो तिथेच सक्शनने काढा, नाहीतर पुढची लाइन तुंबेल आणि उद्या दुसऱ्या गल्लीतून फोन येईल. गल्ली अरुंद असेल तर गाडी तोंडाशी ठेवून पाइप आत न्या किंवा छोटं यंत्र मागवा. तेही नसेल तर वरूनच रॉड मारा. तासाभरात होणार नसेल तर "रात्र होईल" असं नगरसेवकांना सांगा. घरात मैलापाणी शिरणं वाईटच आहे, पण पाणी उपसता येतं.

आणि कुणी आत कोसळलाच, तर मागून कुणाला उतरू देऊ नका. कमरेला दोर असेल तर वरून ओढा, हवा आत सोडा, १०१ला फोन करा. अग्निशमन दलाकडे श्वसनयंत्र असतं, तुमच्याकडे नसतं.

"पण साहेब, माणूस कंत्राटदाराचा आहे ना?" हाही पुस्तिकेतला पोटप्रश्न, उत्तर "जबाबदारी कंत्राटदाराची". साफ चूक. थेट असो की दुसऱ्यामार्फत, कायदा दोन्हींना धरतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात मेलेल्या माणसाच्या वारसांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. तीस लाख छापणं क्लासवाल्यांना जमलं नाही, ठळक टाइप मात्र जमला.

लाज वाटू द्या हो जरा. पाचशे रुपयांची पुस्तिका विकता आणि तिच्यात माणूस मारायची रीत छापता? ही पोरं उद्या खरंच चेंबरच्या काठावर उभी राहणार आहेत. दोराने उतरणारा बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा गरीब असतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

आणि मुलाखत घेणाऱ्या साहेबांनो, "उतरवणार नाही" म्हणणाऱ्या उमेदवाराला तुम्ही आडमुठा म्हणून गुण कापता, तेही बंद करा. तो कायदा सांगतोय, जो तुम्ही त्याला शिकवायला हवा होता. त्यावर "जेटिंग गाडी बंद पडली तर काय कराल?" असं कुत्सितपणे विचारू नका. गाडी कधीपासून बंद आहे, दुरुस्तीची फाइल कुणाच्या टेबलावर पडली आहे, हे तुम्ही आधी सांगा.